साक्षीदार कोणी नव्हता, मग समिती कशावरून ठरवणार?

*ताई, मी चाकणजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात सहा वर्षं आहे. आमचे विभागप्रमुख मार्चपासून रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर मेसेज करायचे. ९ मे रोजी दुसऱ्या शिफ्टला मी स्टँडर्ड रूममध्ये एकटी असताना त्यांनी मागून येऊन कमरेला हात लावला. मी हात झटकून बाहेर आले. तिथे दुसरं कोणी नव्हतं. ६ जूनला मी अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार दिली. आता ८ जुलैला जबाबासाठी बोलावलंय. एचआरच्या मॅडम म्हणतात, बसून मिटवून टाका. नवरा म्हणतो, वकील घेऊन जा. ते समोर बसणार का? काय काय विचारतात? किती दिवस चालतं हे? सिद्ध झालं नाही तर माझीच नोकरी जाईल का? आणि जुलैअखेर माझं अप्रेझल आहे, ते त्यांच्याच हातात आहे.*
*– एक वाचक, पिंपरी-चिंचवड*

अप्रेझलपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ आहे, याला नाही.

चौकशी चालू असताना तक्रारदार बाईला त्रास होऊ नये म्हणून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अंतरिम दिलाशाची सोय आहे. पण तो आपोआप मिळत नाही. तुम्ही समितीला लेखी अर्ज करायचा, समितीने व्यवस्थापनाला शिफारस करायची आणि व्यवस्थापनाने ती अमलात आणून समितीला तसं कळवायचं, असा हा क्रम आहे. तुमचा अर्जच नसेल तर समितीतली भली माणसंही गप्प बसून राहतात, आणि मग जुलैअखेर तुमच्या अप्रेझलच्या फॉर्मवर त्याच माणसाची सही होते. नियमांमध्ये अगदी स्पष्ट लिहिलंय, की ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना तक्रारदाराच्या कामाचा अहवाल लिहिण्यापासून रोखून ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. तेव्हा आजच चार ओळी लिहा: "चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या कामाचं मूल्यमापन श्री. अमुक यांच्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. माझं मूल्यमापन जुलैअखेर होणार असल्याने यावर त्याआधी निर्णय व्हावा." समितीच्या अध्यक्षांना मेल करा, आणि एक प्रत हातोहात देऊन पोच घ्या.

याच अर्जात दोघांपैकी एकाची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते. ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. रजेबद्दल मी काही म्हणणार नाही, तुमच्या तब्येतीला काय झेपतं ते तुम्हालाच माहीत. बदलीबद्दल मात्र जपून लिहा. बाईला हलवणं व्यवस्थापनाला सोपं जातं, म्हणून 'तुमच्याच सोयीसाठी' असं म्हणत तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवतील. तुम्हाला तुमचं काम सोडायचं नसेल तर अर्जात तसं स्वच्छ लिहा, आणि त्यांची शिफ्ट बदला किंवा त्यांना दुसऱ्या प्लांटला पाठवा, अशी मागणी करा.

आता एचआरच्या मॅडम. कायद्यात सलोख्याची तरतूद आहे, पण तो मागायचा हक्क फक्त तक्रारदाराचा आहे, तोही चौकशी सुरू होण्यापूर्वी. व्यवस्थापनाने, समितीने किंवा समोरच्या माणसाने तो तुमच्यापुढे रेटायचा नसतो. पैसे घेऊन मिटवणं तर कायद्यालाच मान्य नाही. शिवाय एकदा सलोखा झाला, तो कागदावर आला, की त्या तक्रारीची चौकशी पुढे होत नाही. समोरच्याने अटी पाळल्या नाहीत तरच ती पुन्हा उघडते. 'बसून मिटवा' या दोन शब्दांमागे एवढं सगळं आहे, म्हणून हे सांगते. तुम्हाला नको असेल तर मेलवर एका ओळीत कळवा: 'मला सलोखा नको आहे, चौकशी हवी आहे.' मॅडम पुन्हा बोलल्याच तर ती तारीख आणि त्यांचे शब्द वहीत टिपून ठेवा.

नवऱ्याला सांगा, वकील आत नेता येत नाही. तुम्हाला नाही तसा त्यांनाही नाही. चौकशीच्या कोणत्याही टप्प्यावर दोन्ही बाजूंना वकिलामार्फत बाजू मांडायला मनाई आहे. बाहेर सल्ला घ्यायला, अर्ज तपासून घ्यायला काही हरकत नाही. पोलिसांत जायचं असेल तर तो रस्ता वेगळा आहे आणि उघडाच आहे. लैंगिक छळाचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली येतो आणि तशी तक्रार द्यायची असल्यास कंपनीने तुम्हाला मदत करावी, असं २०१३ चाच कायदा सांगतो. एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

समितीपुढे कोण असतं, ते आधी माहीत असू द्या. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई असते, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांपैकी असतात आणि एक सदस्य बाहेरची, म्हणजे एखाद्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार. एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन जण हजर लागतात. ८ जुलैला आत गेल्यावर तीनपेक्षा कमी माणसं दिसली, तर 'आज सदस्य पुरे नाहीत, पुढची तारीख द्या' असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हा हट्ट नव्हे. कमी सदस्यांपुढे झालेलं कामकाज पुढे अपिलात समोरच्याच्याच उपयोगी पडतं. आणि सदस्यांपैकी कोणी त्या विभागप्रमुखांच्या हाताखाली काम करत असेल किंवा त्यांचं जवळचं असेल, तर ती हरकत आताच लेखी द्या. निकाल विरुद्ध गेल्यावर तीच हरकत रागातून आल्यासारखी वाटते.

६ जूनपासून आतापर्यंत काय व्हायला हवं होतं, तेही तपासा. तुमच्या तक्रारीची प्रत समितीने सात कामाच्या दिवसांत त्यांना पाठवायची असते. त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत त्यांनी आपलं उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं द्यायची असतात. म्हणजे जून संपता संपता त्यांचं उत्तर समितीकडे आलेलं असायला हवं. ते तुम्ही मागून घ्या आणि ८ तारखेच्या आधी वाचा. मी गेली अनेक वर्षं अशा समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. समोरच्याचं उत्तर पहिल्यांदाच सुनावणीत ऐकून हबकून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. उत्तरात बहुतेक वेळा तुमच्या कामातल्या चुका असतात. 'मी रिजेक्शनवरून बोललो, म्हणून हिने डूख धरला,' अशा धर्तीचं काहीतरी असतं. हे घरी बसून वाचलं की राग येऊन जातो, आणि त्यांनी म्हटलेला तो प्रसंग खरोखर केव्हा घडला, हे शोधायला वेळ मिळतो. मेसेज मार्चपासून आणि रिजेक्शनवरचं बोलणं मेमध्ये असेल, तर त्या क्रमातच तुमचं उत्तर आहे.

८ जुलैचा दिवस मुख्यतः तुमच्या जबाबाचा. खोलीत बहुतेक एक लांब टेबल असेल, समितीतली एक जण लॅपटॉपवर टाइप करत असेल, बाकीच्या विचारत असतील. आधी नाव, पद, नोकरीची वर्षं, कोणाच्या हाताखाली काम करता, हे साधे प्रश्न होतात. मग 'काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.' बहुतेक बायका इथे अडखळतात. लाजेपोटी किंवा सवयीने त्या म्हणतात, 'सरांनी माझ्याशी गैरवर्तन केलं.' टाइप करणारीही तेवढंच वाक्य लिहिते. पण गैरवर्तन म्हणजे ओरडणं, अंगावर फाइल फेकणं, काहीही असू शकतं. या वाक्यावरून समितीला काही तपासता येत नाही.

त्याऐवजी डोळ्यांपुढे चित्र उभं राहील असं सांगा. तुमचं नेमकं काय झालं ते तुम्हालाच माहीत, मी नुसता नमुना देते: 'मी मशीनवर पार्ट लावत होते, पाठ दाराकडे होती. दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं हेल्पर आला असेल. मग उजव्या बाजूने कमरेवर हात आला आणि तिथेच राहिला. मी हात झटकला, वळून पाहिलं तर सर होते. मी म्हटलं, सर, हे काय? ते हसले. मी रिपोर्ट टेबलावर टाकून बाहेर आले.' यात रडणं नाही, विशेषणं नाहीत, पण तपासता येण्याजोग्या पाच-सहा गोष्टी आहेत. आणि जे आठवत नाही ते 'आठवत नाही' असंच सांगा. वेळ नक्की माहीत नसेल तर 'जेवणाच्या सुट्टीनंतर' म्हणा. मिनिटं जुळवायला जाऊ नका.

हे एवढं ठासून का सांगते, त्यामागे एक प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मी समितीवर नवीन असताना एका तक्रारदाराचा जबाब दोन तास चालला. शेवटी ती रडत होती, आम्हालाही तिला लवकर सोडावंसं वाटत होतं. तिने न वाचता सही केली. तिने सांगितलं होतं 'सातच्या सुमारास', टाइप झालं होतं 'पावणेआठ'. समोरच्या माणसाने गेटच्या पंचिंगची नोंद आणली: तो सात वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडला होता. त्या एका आकड्यावरून त्याने सगळी तक्रारच बनावट ठरवायला घेतली. तिने दुरुस्तीचा अर्ज दिला, टाइप करणाऱ्या सदस्याने आपली हाताने लिहिलेली टिपणं दाखवली, चूक नोंदीवर आली. पण त्यात दोन सुनावण्या गेल्या आणि त्या बाईची महिनाभराची झोप गेली. चूक आमची होती, किंमत तिने मोजली. तेव्हापासून मी प्रत्येक जबाब सहीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवायला लावते. तुमच्या समितीने तसं केलं नाही तर तुम्ही मागा. प्रत्येक पान वाचा, चुकलेला शब्द खोडून शेजारी सही करा, आणि जबाबाची प्रत मागा.

'साक्षीदार नाही' ही तुमची मोठी भीती दिसते. समिती फौजदारी न्यायालयासारखं 'संशयाला जागाच नको' एवढं पक्कं मागत नाही. दोन्ही बाजूंचं ऐकून, कागद पाहून, कोणतं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे हे ती ठरवते. पारडं थोडं जरी एका बाजूला स्पष्ट झुकलं तरी निष्कर्ष काढता येतो. आणि असले प्रकार चार माणसांसमोर क्वचितच होतात, हे समितीत बसणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून आम्ही बघतो ते प्रसंगाच्या आजूबाजूचं.

त्या रात्री तुम्ही हे कोणाला सांगितलंत का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण आठवा. कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने 'काय गं, गप्प का?' असं विचारलं असेल. नवऱ्याला फोन केला असेल. बहिणीला मेसेज टाकला असेल. या लोकांनी प्रसंग पाहिलेला नाही, पण तो घडल्यावर लगेच तुम्ही काय बोललात, कशा दिसत होतात, हे ते सांगू शकतात. वकिलाने शिकवण्याच्या कितीतरी आधी बोललेले शब्द असल्यामुळे त्यांना वजन असतं. बसमधल्या मैत्रिणीचं नाव देण्यापूर्वी तिला मात्र विचारा. तिचीही नोकरी तिथेच आहे. ती कचरली तर समितीला सांगा, समिती तिला स्वतः बोलावू शकते. समन्स काढून माणसाला हजर करायचे आणि कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत.

मग मेसेज. निवडक स्क्रीनशॉट देऊ नका, पूर्ण चॅट द्या, तारीख-वेळेसकट, आणि फोन सोबत न्या. अनेक बायका स्वतःची उत्तरं गाळतात, कारण त्यांत 'ओके सर', 'हो सर', कधी हसरा चेहरा असतो. गाळू नका. साहेबाच्या रात्री अकराच्या मेसेजला हसरा चेहरा का पाठवावा लागतो, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही कळतं. गाळलेलं चॅट मात्र समोरचा पुरं करून दाखवतो आणि मग तुम्ही लपवल्यासारखं होतं. तुम्ही केव्हापासून उत्तरं देणं बंद केलंत, त्यानंतर त्यांचा सूर कसा बदलला, शिफ्ट कशी बदलली, हा क्रम समितीला फार काही सांगून जातो.

कंपनीकडे असलेले पुरावे तुम्ही गोळा करायचे नाहीत, समितीला मागवायला सांगायचे. ९ मेचा दुसऱ्या शिफ्टचा रोस्टर, दोघांचं पंचिंग, स्टँडर्ड रूमला ॲक्सेस कार्ड असेल तर त्याची नोंद आणि बाहेरच्या पॅसेजमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण. चित्रणावर काही दिवसांनी नवं चित्रण चढतं, त्यामुळे ९ मेचं कदाचित राहिलंही नसेल. तरी अर्ज करा, म्हणजे 'उपलब्ध नाही' हे उत्तर तरी लेखी येईल. रोस्टर आणि पंचिंगच्या नोंदी पगाराशी जोडलेल्या असतात, त्या सहसा राहतात. तुम्ही दोघं त्या वेळी त्या जागी होतात, एवढं जरी नोंदींतून निघालं आणि त्यांनी उत्तरात 'मी त्या दिवशी तिकडे गेलोच नाही' असं लिहिलेलं असलं, तर पारडं बरंच हलतं.

ते समोर बसणार का? तुमच्या जबाबाच्या वेळी त्यांनी समोर असलंच पाहिजे असं नाही. पण तुमचं म्हणणं त्यांना कळलं पाहिजे आणि त्यावर प्रश्न विचारायची संधी त्यांना मिळाली पाहिजे. ती संधी नाकारलेली चौकशी टिकत नाही. रीत अशी, की ते आपले प्रश्न लिहून अध्यक्षांना देतात, अध्यक्ष त्यातले गैरलागू प्रश्न काढून टाकतात आणि उरलेले तुम्हाला विचारतात. समोर बसणं तुम्हाला सहन होणार नसेल तर वेगळी खोली, पडदा किंवा व्हिडिओ कॉल मागा. कारण लिहा: तुम्ही अजून त्यांच्याच हाताखाली काम करता. प्रश्न विचारायचा हाच हक्क तुम्हालाही आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या साक्षीदारांसाठी तुम्ही प्रश्न लिहून द्या.

कपड्यांवरून, घरच्या भांडणांवरून, जुन्या मैत्रीवरून प्रश्न आलाच, तर चिडू नका, उत्तरही देऊ नका. एवढंच म्हणा: 'या प्रश्नाचा तक्रारीशी संबंध काय ते सांगा, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह नोंदीत लिहा.' हे वाक्य उच्चारल्यावर प्रश्न मागे घेतलेला मी कित्येकदा पाहिलाय.

तारखा चुकवू नका. सबळ कारण न देता सलग तीन सुनावण्यांना गैरहजर राहिलं, तर समिती पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन चौकशी थांबवू शकते किंवा एकतर्फी निर्णय देऊ शकते. हा नियम दोघांनाही सारखाच आहे. आजारी असाल तर सुनावणीआधी मेल आणि डॉक्टरचं पत्र.

ते तारखा मागत राहिले की तुम्हाला वाटेल, समिती त्यांचे लाड करते आहे. इथे मला गोव्याचं एक प्रकरण सांगावंसं वाटतं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने तक्रारींची तड लावण्यासाठी सुनावण्या भराभर उरकल्या, प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, आणि त्याला नोकरीवरून काढण्यात आलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा रीतसर करायला समितीकडे परत पाठवली. चौदा वर्षांनी. त्या मुलींचं म्हणणं खोटं असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं, घाई नडली होती. तेव्हा त्यांना एखादी तारीख वाढवून दिली तर ती तुमच्या निकालाच्या मजबुतीसाठी आहे असं समजा. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा तेच झालं, तर मात्र समितीला मुदतीची लेखी आठवण द्या.

मुदत नव्वद दिवसांची. तुमच्या तक्रारीपासून धरलं तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चौकशी संपायला हवी. त्या आधीचा एक टप्पा बऱ्याच समित्या गाळतात. दोघंही कर्मचारी असतील तर समितीने आपल्या निष्कर्षांची प्रत दोघांना द्यायची, आणि त्यावर दोघांचं म्हणणं ऐकायचं, असं कायदा सांगतो. ही प्रत आली की ती हातात पेन घेऊन वाचा. 'आरोप सिद्ध झाला' किंवा 'नाही' या शेवटच्या ओळीवर उडी मारू नका. तुमच्या साक्षीदाराचं म्हणणं त्यात आलंय का, पंचिंगची नोंद पाहिली असं लिहिलंय का, मेसेजचा उल्लेख आहे का, आणि नसेल तर का नाही, ते बघा. राहिलेलं असेल तर पान क्रमांक देऊन लेखी म्हणणं द्या. समितीला आपली चूक स्वतः सुधारायची ही शेवटची संधी असते.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अंतिम अहवाल व्यवस्थापनाकडे जातो आणि तो तुम्हा दोघांनाही मिळायला हवा. आरोप सिद्ध झाला तर समिती कारवाईची शिफारस करते. सेवा नियम नसतील तिथे लेखी माफी, ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, समुपदेशन ते नोकरीवरून काढणं, यातलं काहीही त्यात असू शकतं. शिवाय त्यांच्या पगारातून तुम्हाला नुकसानभरपाई देण्याची शिफारसही होऊ शकते. तिची रक्कम ठरवताना मनस्ताप, हुकलेली बढती, उपचारांचा खर्च आणि त्यांची आर्थिक ऐपत पाहतात. म्हणून डॉक्टरांकडे गेलात तर पावत्या जपा. व्यवस्थापनाने अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत कारवाई करायची असते. म्हणजे तुमचा हिशेब नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जातो. समिती शिक्षा देत नाही, शिफारस करते. पत्र काढायचं काम कंपनीचं आहे, आणि बरीच प्रकरणं तिथेच रेंगाळतात. ऑक्टोबरमध्ये विचारणा करणारा एक मेल तुमच्याकडून जाऊ द्या. निर्णय पटला नाही तर अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ते कुठे आणि कसं करायचं, हे त्या वेळी कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा. तिथे वकिलाचा खरा उपयोग आहे.

आणि सिद्ध झालं नाही तर? तुम्ही रात्री जाग्या राहत असाल त्या या भीतीने, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. कायद्याचं कलम १४ खोट्या तक्रारीबद्दल आहे, आणि समोरची बाजू त्याचं नाव घेऊन बायकांना घाबरवते, तुमच्याही कानावर ते आलं असेल. पण त्याच कलमात लिहिलंय, की तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करायची नाही. तक्रार जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी केली, हे वेगळी चौकशी करून सिद्ध व्हावं लागतं. 'पुरावा पुरेसा नाही' आणि 'तक्रार खोटी आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. अहवालात त्यांची सरमिसळ झालेली दिसली तर ती तशीच सोडू नका, अपिलाचा तो मुद्दा आहे.

तोवर तक्रारीतला मजकूर, नावं, सुनावणीतलं बोलणं बाहेर जाऊ देऊ नका. गोपनीयतेचं बंधन दोन्ही बाजूंवर, साक्षीदारांवर आणि समितीवरही आहे. नवऱ्याशी मनातलं बोलणं वेगळं, विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिणं वेगळं. त्यांच्या बाजूने कोणी कँटीनमध्ये तुमचं नाव घेऊन बोलत असेल, तर तारखेसह समितीला कळवा.

८ तारखेला जाताना तक्रारीची प्रत, त्यांच्या उत्तराची प्रत, मेसेजची छापील पानं आणि चार्ज केलेला फोन बरोबर घ्या. वाचायचा चष्मा असेल तर विसरू नका. आणि त्या दिवशी कंपनीच्या बसची घाई ठेवू नका, नवऱ्याला घ्यायला बोलवा, म्हणजे जबाबाचं शेवटचं पान वाचून होईपर्यंत तुम्हाला बसून राहता येईल.